ऑटोमॅटिक घड्याळ थांबलं तर थांबू द्या

घरात दोन-तीन ऑटोमॅटिक घड्याळं जमली की वाइंडरचा विषय निघतोच. काचेच्या झाकणाची एक पेटी, आत मखमली उशीवर बसवलेलं घड्याळ आणि त्याला हळूहळू गोल फिरवणारी मोटर. विकणारे सांगतात की ऑटोमॅटिक घड्याळ बंद राहिलं तर आतलं तेल गोठतं, यंत्र जाम होतं, म्हणून ते सतत चालतं ठेवलं पाहिजे. आपल्याकडे बंद घड्याळ घरात ठेवू नये अशीही समजूत आहे, त्यामुळे हे म्हणणं चटकन पटतं. पण यंत्र उघडून पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं.

ऑटोमॅटिक घड्याळ हे मुळात चावीचंच घड्याळ असतं. त्यात गुंडाळलेली एक लांब पोलादी स्प्रिंग असते, ती उलगडत जाते आणि काटे फिरतात. फरक इतकाच की चावी देण्याचं काम आपल्या बोटांऐवजी रोटर करतो. रोटर म्हणजे अर्धवर्तुळाच्या आकाराचं एक वजन. हात हलला की ते फिरतं आणि स्प्रिंग गुंडाळली जाते. स्प्रिंग पूर्ण भरल्यावरही रोटर फिरत राहतो, तेव्हा तिचं बाहेरचं टोक डबीच्या भिंतीवरून अलगद घसरतं, त्यामुळे ती तुटत नाही. दिवसभर हातात राहिलेलं साधं ऑटोमॅटिक काढून ठेवल्यावर सुमारे ४० तास चालतं, काही नवी यंत्रं ७० ते ८० तास. मग ते थांबतं. स्प्रिंग मोकळी झालेली असते, बाकी काही झालेलं नसतं.

तेलाची भीती मात्र अगदीच निराधार नव्हती. एके काळी घड्याळाचं उत्तम तेल पॉर्पॉइज या समुद्री सस्तन प्राण्याच्या जबड्यातून काढत, अमेरिकेत न्यू बेडफर्डचा विल्यम नाय हा त्यातला नावाजलेला उत्पादक. अशी प्राणिज तेलं काही वर्षांत घट्ट आणि चिकट होत. आज कारागीर कृत्रिम तेलं वापरतात, ती तशी गोठत नाहीत. हळूहळू तीही जुनी होतात, जागेवरून पसरतात, पण ते घड्याळ चालतं असो की बंद, होतच राहतं. पेटीत फिरवून तेल ताजं राहत नाही. उलट चालत्या यंत्राची झीज होते. सेकंदाला सहा ठोके देणारं साधं यंत्र वर्षभर अखंड चाललं तर १८ कोटी ९२ लाख ठोके देतं. हे घड्याळ तुम्ही आठवड्यातून एकच दिवस घालत असाल, तर उरलेले सहा दिवस वाइंडर त्याला कोणाच्याही उपयोगाविना झिजवत असतो.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. समजा डोंबिवलीतल्या एका घरात पाच घड्याळं आहेत. वडिलांची एचएमटी जनता, काकांकडून आलेली एचएमटी कांचन, रोज ऑफिसला घालायचं सायको ५, एक टायटन क्वार्ट्झ आणि उन्हावर चालणारं एक डिजिटल कॅसिओ. यातल्या जनताला वाइंडरचा काहीच उपयोग नाही, कारण तिला रोटरच नाही, तिला हातानेच चावी द्यायची. टायटन आणि कॅसिओचा तर प्रश्नच येत नाही. उरल्या दोन, कांचन आणि सायको.

सायको शुक्रवारी रात्री आठला हातातून काढलं. जुन्या सायको ५ मधलं ७एस२६ यंत्र साधारण ४१ तास चालतं, म्हणजे ते रविवारी दुपारी एकच्या सुमारास थांबणार. सोमवारी सकाळी ते पुन्हा घालायचं आहे. या यंत्राला बाहेरून चावी देता येत नाही, म्हणून घड्याळ आडवं धरून अर्धा मिनिट हळू हलवायचं, सेकंदकाटा चालू लागतो. मग चावी पूर्ण बाहेर ओढून काटे पुढे फिरवत साडेसहावर आणायचे. चावी एक टप्पा आत ढकलून तारीख आणि वार कालचे लावायचे. पुन्हा चावी पूर्ण ओढून काटे पुढे फिरवत राहायचं. तारीख उलटून आजची झाली म्हणजे मध्यरात्र ओलांडली, तिथून पुढे सकाळच्या खऱ्या वेळेपर्यंत जायचं. एवढ्याला दोन मिनिटं पुरतात, पुढची चावी हाताच्या हालचालीने भरत जाते.

साडेसहावर का आणायचं, हे कळलं की बरीच घड्याळं वाचतील. रात्री नऊच्या सुमारापासून पहाटे चारपर्यंत आतल्या एका चाकाचं बोट तारखेच्या कड्यात अडकलेलं असतं आणि ते कडं पुढे ढकलत असतं. त्याच वेळी आपण बाहेरून जोराने तारीख बदलली तर बोट किंवा दाते मोडू शकतात. थांबलेलं घड्याळ सकाळी थांबलं की रात्री, हे नुसत्या डायलवरून कळत नाही. म्हणून काटे आधी डायलच्या खालच्या बाजूला, सहाच्या आसपास न्यायचे. तिथे सकाळ असो वा संध्याकाळ, ते बोट मोकळं असतं. वाइंडरशिवाय ऑटोमॅटिक वापरणाऱ्याने शिकावी अशी खरी महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

मग वाइंडर कोणासाठी? ज्यांच्याकडे कायमस्वरूपी कॅलेंडरचं यांत्रिक घड्याळ आहे त्यांच्यासाठी. असं घड्याळ महिना तीसचा की एकतीसचा आणि वर्ष लीप की साधं, हे स्वतः ओळखतं. ते थांबलं तर तारीख, वार, महिना आणि चंद्रकला हे सगळं केसच्या कडेला असलेली बारीक बटणं दाबून एकेक करत जुळवावं लागतं. काहींमध्ये चुकून पुढे गेलेली तारीख मागे आणताच येत नाही. तिथे वाइंडर खरोखर कामाचा. बोटं दुखणाऱ्या, बारीक चावी ओढणं जमत नसलेल्या वयस्कर माणसालाही मी तो घ्यायला सांगेन.

पण घेताना दोन गोष्टी तपासा. पहिली म्हणजे फेऱ्या. बहुतेक यंत्रांना दिवसाला साडेसहाशे ते आठशे फेऱ्या पुरतात. त्या फेऱ्यांची दिशाही महत्त्वाची असते. काही रोटर दोन्ही दिशांनी स्प्रिंग भरतात, पुष्कळ क्रोनोग्राफमध्ये सापडणारं ७७५० यंत्र मात्र एकाच दिशेने भरतं, उलटं फिरवलं तर ते भरतच नाही. दुसरी गोष्ट मोटरची. स्वस्त वाइंडरमध्ये मोटरच्या चुंबकाला आवरण नसतं. घड्याळ बसतं त्या जागी साधं होकायंत्र ठेवा आणि मोटर चालू करा. सुई जोरात भरकटली तर ती पेटी दुकानातच सोडा. चुंबकत्व लागलं की केसाइतक्या बारीक हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे पळू लागतं. स्पीकर, टॅबलेटचं चुंबकी कव्हर, पर्सचं चुंबकी बटण यांच्याजवळ ठेवल्यानेही हेच होतं. कारागीर यंत्रावर धरून ते मिनिटभरात काढून देतो, पण ते लक्षात न आल्यामुळे लोक उगाच पूर्ण सर्व्हिसिंग करून घेतात.

वाइंडरसाठी काढून ठेवलेले पैसे मी ठाणे, रत्नागिरी किंवा पणजीत राहणाऱ्याला दमटपणा रोखण्यावर खर्चायला सांगेन. आपल्या किनारपट्टीवर पावसाळ्यात हवेतली आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांच्या वर असते. घड्याळाला ४० ते ६० टक्के मानवते. चामड्याच्या पट्ट्यावर आधी पांढरी बुरशी येते, ती डोळ्यांना दिसते. आत मात्र जुन्या एचएमटीच्या डायलवर ठिपके उमटतात आणि चावीच्या दांड्याला गंज लागतो, तो मागचं झाकण उघडल्याशिवाय कळत नाही. दांड्याभोवतीचं रबर जुनं झालेलं असेल तर तिथूनच ओल आत शिरते. काचेच्या आतल्या बाजूला धुकं दिसलं तर वाट पाहू नका, त्याच दिवशी कारागिराकडे न्या.

साठवायला फार काही लागत नाही. घट्ट झाकणाचा एक डबा, त्यात प्रत्येक घड्याळासाठी मऊ सुती कापडाची वेगळी पिशवी किंवा उशी, म्हणजे एकाच्या स्टीलच्या पट्ट्याने दुसऱ्याच्या काचेवर ओरखडे येणार नाहीत. डब्यात पाकिटात भरलेले सिलिका जेलचे नारिंगी दाणे आणि आर्द्रता दाखवणारा एक छोटा मीटर. झाकण बंद असूनही मीटर साठाच्या वर जाऊ लागला किंवा दाणे हिरवट झाले की ते ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर तास-दोन तास तापवायचे, पुन्हा वापरता येतात. मीटर ३५ च्या खाली गेला तर थोडे दाणे काढून घ्या, नाहीतर चामडं तडकतं. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या मात्र या डब्यापासून लांब ठेवा, त्यांच्या वाफेने काही प्रकारचं प्लॅस्टिक खराब होतं.

हातातून काढलेलं घड्याळ थेट डब्यात टाकू नये. मऊ कापडाने मागचं झाकण आणि चावीचा भाग पुसा, घामातलं मीठ तिथेच साठतं. चामड्याचा पट्टा रात्रभर उघड्यावर वाळू द्या, मगच घड्याळ आत ठेवा. महिन्या-दोन महिन्यांतून जनताला चावी द्या, ती अडली की तिथेच थांबा, जोर करू नका. कांचन हलवून दिवसभर चालू द्या. त्याने तेलाचं काही भलं होत नसलं तरी घड्याळ पूर्ण वेळ चालतं की मध्येच थांबतं, हे कळतं. ज्या ऑटोमॅटिकला चावीही देता येते, त्याला चावी देताना आत रोटर गरगर फिरल्यासारखा आवाज आला, तर स्प्रिंग भरणाऱ्या चाकांना तेल हवं आहे. अशा वेळी जास्त चावी देऊ नका, आधी सर्व्हिसिंग करून घ्या.

टायटनचं दुखणं वेगळं. क्वार्ट्झ घड्याळात संपलेला सेल तसाच राहिला तर गळतो आणि सर्किट खाऊन टाकतो. वर्षभर घालणार नसाल तर सेल काढून घ्या, कोणीही घड्याळवाला दोन मिनिटांत काढून देतो. सेकंदकाटा दोन किंवा चार सेकंदांच्या उड्या मारू लागला तर बऱ्याच यंत्रांमध्ये ती सेल संपत आल्याची खूण असते. आणि उन्हाचं कॅसिओ त्या बंद डब्यात ठेवू नका. महिनोन् महिने अंधारात राहिलं तर त्याची बॅटरी पूर्ण उतरते आणि वारंवार तसं झालं तर तिची क्षमताच कमी होते. त्याला खिडकीजवळची, पण थेट कडक उन्हाची नसलेली जागा द्या.