परतीची तारीख असलेला अर्ज

गावी आई घसरून पडते, खुब्याचं हाड मोडतं आणि मिरजेच्या हॉस्पिटलात ऑपरेशन ठरतं. पुण्यात अकाउंट्स विभागात काम करणाऱ्या मुलीला काही दिवस आईजवळ राहायचं आहे, पण तेवढी रजा शिल्लक नाही. काम लॅपटॉपवरचं असल्यामुळे घरून करता येण्यासारखं आहे. अशा वेळी घाईघाईत मेल जातो, ‘आईची तब्येत बरी नाही, काही दिवस घरून काम करू द्यावं.’ यावर साहेबांचा होकार सहसा येत नाही, प्रश्न येतात. किती दिवस? जीएसटीचं काय? फोन लागेल का?

घरून काम करणं हा आपल्याकडे सरसकट कायदेशीर हक्क नाही. २०१७च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात त्याचा उल्लेख आला. पण तोही प्रसूती रजेनंतरच्या काळापुरता, काम तसं असेल तर आणि मालक व कर्मचारी यांच्या संमतीनेच. एरवी सगळं कंपनीच्या धोरणावर आणि वरिष्ठांच्या निर्णयावर अवलंबून असतं. म्हणून ज्याला हो म्हणायचं आहे, त्याला निर्णयासाठी लागणारी माहिती पहिल्याच मेलमध्ये मिळायला हवी. त्यात सर्वांत महत्त्वाची असते परतीची तारीख.

ही तारीख अंदाजाने टाकायची नसते, ती घटनांवरून काढायची असते. खुब्याच्या ऑपरेशननंतर पेशंटला साधारण एक-दोन दिवसांत वॉकर धरून उभं करतात आणि टाके सुमारे दोन आठवड्यांनी काढतात. आपल्या उदाहरणात ऑपरेशन मंगळवारी ९ जूनला आहे, म्हणजे टाके २३ तारखेच्या आसपास निघतील. मोठी बहीण शनिवारी २७ तारखेला येऊन आईची जबाबदारी घेणार आहे. म्हणून सोमवार, २९ जून ही परतीची तारीख. ‘आई बरी होईपर्यंत’ असं लिहिलं तर वरिष्ठांना काहीच आखता येत नाही, कारण खुब्याचं हाड पुरतं भरून यायला काही महिने जातात. मुलीची गरज मात्र बहीण येईपर्यंतचीच आहे.

दुसरी गोष्ट रजेची. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, ऑपरेशनच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या धावपळीत काम होणार नाही, हे उघड आहे. त्या तीन दिवसांची रजाच मागावी. घरून काम म्हणून दाखवलेल्या दिवशी फोन उचलला गेला नाही, तर पुढच्या सगळ्या दिवसांवरचा विश्वास उडतो.

आता मेल असा होईल:

‘नमस्कार सर,
माझ्या आईचं मंगळवारी ९ जूनला मिरजेत खुब्याचं ऑपरेशन आहे. ८ ते १० जून मला रजा हवी आहे. ११ ते २६ जून तिथून काम करण्याची परवानगी मिळावी. बहीण २७ तारखेला येत आहे. सोमवारी २९ जूनला मी ऑफिसात हजर होईन.
मी साडेनऊ ते साडेसहा उपलब्ध असेन. सकाळी ११ ते १२ फिजिओथेरपिस्ट येतील. तो तास मी संध्याकाळी भरून काढेन. ११ तारखेचं जीएसटीआर-१ मी रजेवर जाण्याआधी पूर्ण करते, २० तारखेचं ३बी तिथून भरेन. बिलांच्या मूळ प्रती तपासायचं काम तेवढं ऑफिसातूनच करावं लागेल. ते या काळात सहकारी पाहतील, त्यांच्याशी बोलले आहे.
हॉस्पिटलची कागदपत्रं लागली तर पाठवते.’

मेलमध्ये आजाराचं वर्णन एका ओळीत संपलं. एक्स-रे, डॉक्टरांचं मत, घरातली अडचण यातलं काही नाही, कारण त्यावरून निर्णय होत नाही. निर्णय होतो तो कामाच्या तारखांवरून. घरून होणार नाही ते कामही तिने स्वतःच सांगितलं आहे. ते लपवलं असतं, तर पहिलं बिल अडकताच सहकाऱ्यावर भार पडला असता आणि तक्रार वरपर्यंत गेली असती.

मेल पाठवण्याआधी वरिष्ठांना फोन करावा, पण फोनवरच्या ‘ठीक आहे’वर थांबू नये. लेखी होकार नसेल तर हजेरीत ते दिवस गैरहजेरीचे लागू शकतात. घरच्या इंटरनेटवरून कंपनीची सिस्टिम उघडते का, हेही निघण्याआधी आयटी विभागाकडून तपासून घ्यावं. नाहीतर ११ तारखेची सकाळ पासवर्डच्या खटपटीत जाते.

आणि बहिणीचं येणं लांबलं तर? २६ तारखेच्या संध्याकाळची वाट पाहू नये. टाके निघाले की, २३ तारखेलाच चित्र स्पष्ट होतं. त्याच दिवशी कारण, नवी तारीख आणि त्या दिवसांतलं काम सांगणारा दोन ओळींचा मेल पाठवावा. तोवर ३बी वेळेवर भरून झालेलं असेल, तर मुदतवाढ मागताना तेच तिच्या बाजूने बोलेल.