शेवटचा तक्ता काय सांगतो?

एका सुताराला टेबलामागे 400 रुपये नफा मिळतो, खुर्चीमागे 200. टेबलाला 2 फळ्या आणि 1 तास लागतो, खुर्चीला 1 फळी आणि 2 तास. हाताशी 8 फळ्या आणि 10 तास आहेत. जॉर्ज डँट्झिग यांनी 1947 मध्ये मांडलेल्या सिम्प्लेक्स पद्धतीने गणित सोडवले, तर एका फेरीत उत्तर येते: 4 टेबले, नफा 1600.

पण तक्ता इथेच मिटू नका. खुर्ची उत्तरात नाही, तरी नफ्याच्या ओळीत तिच्याखाली शून्य आहे. म्हणजे खुर्ची आणल्याने नफा घटत नाही, वाढतही नाही. तिच्या स्तंभाची गुणोत्तरे 8 आणि 4 येतात. लहान 4 धरून आणखी एक फेरी केली की 2 टेबले, 4 खुर्च्या मिळतात आणि नफा तोच राहतो. या दोन्हींमधली 3 टेबले, 2 खुर्च्यासुद्धा 1600च देतात. निवड मालकाची.

आता गिऱ्हाइकाने किमान 5 टेबले हवीतच म्हटले, तर 10 फळ्या लागतील. अशा वेळी सुरुवातीला टेकू म्हणून घातलेले कृत्रिम चल शेवटच्या तक्त्यात 1 किमतीने उरते. मागणी एका टेबलाने अपुरी, म्हणून उत्तरच नाही.

नफा वाढवणाऱ्या स्तंभात मात्र एकही धन आकडा नसेल, तर वाढ रोखणारे काहीच उरत नाही आणि नफा अमर्याद होतो. असे दिसले, तर एखादी अट लिहायची राहिली आहे का, ते आधी तपासा.