अचानक धावणारे हृदय

रेवदंड्यातील एक चौसष्ट वर्षांच्या आजी अंगणात वाकून कळशी उचलत असताना एकाएकी छाती धडधडू लागली. दवाखान्यात आल्या तेव्हा नाडी मिनिटाला १८० होती, पण अगदी नियमित. रक्तदाब ११०/७०, शुद्ध ठीक, छातीत दुखणे नाही. ईसीजी काढला, ते एसव्हीटी होते.

हृदयाच्या वरच्या व खालच्या कप्प्यांमध्ये विद्युत्‌संदेशाचे एक नाके असते, त्याला एव्ही नोड म्हणतात. काही माणसांत तेथे जन्मतः दोन वाटा असतात. एक जलद, पण वापरल्यानंतर पूर्ववत होण्यास वेळ घेणारी. दुसरी संथ, पण लवकर सज्ज होणारी. एखादा ठोका वेळेआधी पडला, तर जलद वाट अजून बंद असते, म्हणून संदेश संथ वाटेने उतरतो. तो खाली पोहोचेपर्यंत जलद वाट मोकळी होते आणि संदेश तिच्यातून परत वर चढतो. मग हेच चक्र फिरत राहते, आणि प्रत्येक फेरीला एक ठोका पडतो. हे चक्र तोडायचे तर नाके क्षणभर अडवले की पुरे.

आजींना मी अर्धवट टेकून बसवले आणि १० मिलीच्या रिकाम्या सिरिंजमध्ये दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने १५ सेकंद फुंकायला सांगितले. लगेच त्यांना सपाट निजवून पाय ४५ अंशांत १५ सेकंद उचलून धरले. अशाने हृदयाकडे रक्ताचा लोंढा येतो, दाब वाढल्याचे मानेतील व महाधमनीतील संवेदक मेंदूला कळवतात आणि व्हेगस मज्जातंतू एव्ही नोडला लगाम घालतो. २०१५ मध्ये इंग्लंडमधील एका मोठ्या चाचणीत या पद्धतीने ४३ टक्के रुग्णांचे हृदय ताळ्यावर आले. नुसते बसून फुंकणाऱ्यांत हे प्रमाण १७ टक्के होते. आजींना दोन्ही वेळा यश आले नाही. मानेची शीर दाबणे मात्र घरी कधीच करू नका. वृद्धांच्या धमनीतील थर सुटून पक्षाघात होऊ शकतो.

त्यांना अलिबागला पाठवले. तेथे कोपराजवळच्या मोठ्या शिरेतून ६ मिलिग्राम ॲडेनोसिन झटक्यात देऊन पाठोपाठ सलाइन ढकलले. हे औषध एव्ही नोडच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर जाऊ देते. त्या पेशी काही क्षण संदेश स्वीकारत नाहीत आणि चक्र तुटते. रक्तात ते जेमतेम दहा सेकंद टिकते, म्हणून हळू दिले तर हृदयापर्यंत पोहोचण्याआधीच संपते. पडद्यावर क्षणभर सरळ रेष येते, रुग्णाला छातीवर दडपण व विलक्षण भीती वाटते. ‘‘डॉक्टर, जीव गेला म्हटलं!’’ असे आजी मला नंतर म्हणाल्या. दम्याच्या रुग्णांना हे औषध सहसा देत नाहीत आणि थिओफिलिन चालू असल्यास त्याचा परिणाम कमी होतो. तेव्हा आपली औषधे आधी सांगा.

नाडी अनियमित असेल तर हा आजार बहुधा दुसराच, आणि त्यावर हे उपाय चालत नाहीत. छातीत दुखले, भोवळ आली किंवा श्वास कोंडला, तर फुंकण्यात वेळ न दवडता सरळ रुग्णालय गाठावे. धडधड चालू असताना काढलेली ईसीजीची पट्टी जपून ठेवा. हृदयरोगतज्ज्ञांकडे पोहोचेपर्यंत ठोके पूर्ववत झालेले असतात आणि तेव्हा निदान त्या पट्टीवरूनच होते.