पाच रुग्ण आणि शंभर टक्के अचूकता

सायकोसिसमध्ये भास आणि भ्रम होतात व वास्तवाचे भान सुटते. ही अवस्था बहुधा एकाएकी येत नाही. त्याआधी काही महिने किंवा वर्षे संशय, विस्कळीत बोलणे, अधूनमधून आवाजाचा भास अशी सौम्य लक्षणे दिसतात. अशा अतिजोखमीच्या तरुणांपैकी बहुतेकांना पुढे सायकोसिस होत नाही. तो कोणाला होईल, हे आधीच ओळखण्यासाठी मशीन लर्निंगची मॉडेल्स बांधली जातात.

२०१५ मध्ये गिलिंडर बेदी आणि सहकाऱ्यांनी अशा ३४ तरुणांच्या मुलाखतींची भाषा संगणकाने तपासली. एका वाक्याचा पुढच्या वाक्याशी अर्थाने किती मेळ बसतो, वाक्ये किती लांब आहेत, अशा गोष्टी मोजल्या. पुढील अडीच वर्षांत पाच जणांना सायकोसिस झाला आणि मॉडेलने सर्व ३४ जणांचे भवितव्य बरोबर सांगितले.

अभ्यास मोलाचा होता, पण हा आकडा जपून वाचायला हवा. ‘कोणालाच होणार नाही’ असे सरसकट सांगितले असते, तरी ३४ पैकी २९ उत्तरे, म्हणजे ८५ टक्के, बरोबर आली असती. शिवाय पाचपैकी पाच रुग्ण ओळखले गेले, तरी ९५ टक्के विश्वासमर्यादेनुसार रुग्ण ओळखण्याची खरी क्षमता ४८ टक्क्यांपर्यंत खाली असू शकते.

रुग्ण थोडे आणि मोजमापे अनेक असली की त्या पाच जणांमध्ये योगायोगाने आढळणारे साम्यही मॉडेल नियम म्हणून शिकते. हेच ओव्हरफिटिंग. ते बऱ्याचदा लपून राहते. समजा, शंभर मोजमापांपैकी उपयोगी तीन सगळ्या माहितीवरून निवडली आणि मगच एकेक व्यक्ती बाजूला ठेवून चाचणी घेतली. अशा चाचणीत बाजूला ठेवलेल्या व्यक्तीचे उत्तर निवडीतून आधीच आत शिरलेले असते. म्हणून निवडही प्रत्येक फेरीत नव्याने करावी लागते. त्याहून कठोर कसोटी म्हणजे वेगळ्या शहरातील माणसे. २०१८ मध्ये लॉस एंजेलिसच्या गटावर बांधलेले अशाच प्रकारचे मॉडेल न्यूयॉर्कच्या गटावर तपासले, तेव्हा अचूकता ७९ टक्के भरली.

अचूकता टिकली तरी कॅलिब्रेशनचा प्रश्न उरतो. ज्या शंभर जणांना मॉडेल ४० टक्के धोका सांगते, त्यांतील सुमारे ४० जणांना सायकोसिस व्हायला हवा. जिथे तीनपैकी एकाला तो होतो अशा विशेष दवाखान्यात बांधलेले मॉडेल, दहापैकी एकालाच होतो अशा ठिकाणी वापरले, तर धोक्याचे आकडे फुगतात. कोणाचा धोका जास्त, हा क्रम मात्र बरोबरच राहतो, त्यामुळे नुसत्या क्रमावर आधारलेल्या गुणांत ही चूक दिसत नाही. ती दिसते सांगितलेला धोका आणि प्रत्यक्ष प्रमाण शेजारी मांडल्यावर. स्थानिक प्रमाणानुसार मॉडेलची पातळी खाली आणून ती बरीच दुरुस्तही करता येते. तसे न केल्यास एखाद्या विशीतल्या मुलाला विनाकारण धास्ती आणि कदाचित अनावश्यक औषधे मिळतात.

म्हणूनच प्रामाणिक अहवालात एकूण माणसांइतकीच रुग्ण झालेल्यांची संख्या ठळक हवी. मध्येच संपर्क तुटलेल्यांचे काय केले, किती मॉडेल्स करून पाहिली आणि त्यांतली कोणती फसली, हेही त्यात यायला हवे. २०१५ च्या ‘ट्रायपॉड’ आणि २०२४ च्या ‘ट्रायपॉड प्लस एआय’ या मार्गदर्शक सूचना अशा मॉडेल्सच्या अहवालात काय काय नोंदवावे, हे सविस्तर सांगतात.