एकाच स्क्रीनवर दोन लिप्या

मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी दाखवणाऱ्या मोबाइल ॲपमध्ये फॉन्टची निवड मराठीपासून सुरू करावी लागते. प्रत्यक्षात बहुधा उलटे घडते. स्क्रीनचा आराखडा इंग्रजीत तयार होतो, अक्षरांचा आकार, ओळींमधले अंतर, बटणांची उंची असे सगळे इंग्रजी शब्दांवर बेतले जाते आणि शेवटच्या आठवड्यात त्याच चौकटीत मराठी भाषांतर भरले जाते. मग कुठे रफार कापला जातो, कुठे उकार खालच्या ओळीत घुसतो.

कारण लिपीच्या रचनेत आहे. रोमन लिपीतली बहुतेक लहान अक्षरे एका आडव्या पट्ट्यात राहतात, थोडीच वर किंवा खाली जातात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार येतात, तर खाली उकार, ऋकार आणि काही जोडाक्षरांचा खालचा भाग येतो. ‘मूर्तींची’ हा एकच शब्द पाहा. ‘म’च्या खाली दीर्घ उकार आणि ‘त’च्या डोक्यावर वेलांटी, रफार व अनुस्वार हे तिन्ही. इंग्रजीसाठी आखलेल्या ओळीत हा शब्द मावेलच असे नाही. त्यामुळे १६ आकाराच्या इंग्रजी मजकुराला ओळीची उंची २४ पुरत असेल, तर मराठीला २६ ते २८ ठेवलेली बरी. दोन्ही भाषांसाठी एकच माप ठेवायचे असेल, तर ते मराठीचे ठेवावे. इंग्रजी मजकूर थोडा मोकळा दिसेल, पण त्याने वाचनाचे काही बिघडत नाही.

अँड्रॉइडवर अक्षराचा आकार `sp` या एककात देतात. फोनची मूळ सेटिंग कायम असेल, तर १६० `sp` म्हणजे साधारण एक इंच. म्हणजे १६ `sp` अक्षराला वरपासून खालपर्यंत जेमतेम अडीच मिलिमीटर जागा मिळते, आणि १२ `sp`ला दोन मिलिमीटरही नाही. तेवढ्या जागेत ‘ब’ आणि ‘व’ यांच्यात फरक राहतो तो पोटातल्या तिरक्या रेघेचा, ‘घ’ आणि ‘ध’ यांच्यात शिरोरेषेच्या तुकड्याचा. १ आणि ९ हे अंकही घाईत एकमेकांसारखे दिसतात. इंग्रजीत तळटिपेसाठी १२ चालून जाते. मराठीत १४च्या खाली न जाणे आणि मुख्य मजकूर १६ किंवा १७ ठेवणे शहाणपणाचे.

`sp`चा खरा उपयोग असा, की वापरणाऱ्याने फोनमध्ये अक्षर मोठे केले तर ॲपमधले अक्षरही मोठे होते. अँड्रॉइड १४पासून ही वाढ २०० टक्क्यांपर्यंत करता येते. पण बटणाची उंची पक्की बांधून ठेवली असेल, तर मोठे झालेले अक्षर बटणातच चिरडते. म्हणून बटणाला किमान उंची द्यावी, ठरावीक उंची देऊ नये.

आता फॉन्ट. ॲपसाठी फक्त रोमन अक्षरे असलेला फॉन्ट निवडला, तर मराठी मजकूर गायब होत नाही. फोन मुकाट्याने आपल्याजवळचा देवनागरी फॉन्ट वापरतो. इंग्रजी सडपातळ आणि मराठी ठसठशीत, किंवा एक लहान आणि एक मोठे, असे बेजोड दृश्य त्यातून तयार होते, शिवाय ते प्रत्येक कंपनीच्या फोनवर वेगळे दिसू शकते. दोन्ही लिप्या एकमेकींशी जुळवून आखलेला फॉन्ट घेणे हा सरळ उपाय. मुंबईच्या ‘एक टाइप’चा मुक्ता आणि ‘इंडियन टाइप फाउंड्री’चे हिंद व पॉपिन्स हे तसे आहेत. तिन्ही खुल्या परवान्याचे असल्याने ॲपमध्ये विनामूल्य घालता येतात. पॉपिन्सची गोल इंग्रजी अक्षरे शीर्षकात शोभतात, पण ती जागा फार खातात. दाट माहितीच्या स्क्रीनला मुक्ता किंवा हिंद अधिक सोयीचा. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल मोठी असते, तेव्हा साधे आणि ठळक अशी दोनच वजने घ्यावीत. ठळक वजन घेतलेच नाही, तर फोन साध्या अक्षराच्या रेषा कृत्रिमरीत्या जाड करतो आणि ‘ष्ठ’, ‘क्ष’ यांची पोटे बुजतात.

फॉन्ट देवनागरी आहे एवढ्याने तो मराठीचा होत नाही. राज्य शासनाच्या २००९च्या निर्णयानुसार मराठीत पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ अपेक्षित आहे. काही फॉन्टमध्ये या अक्षरांची हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणे असतात, पण मजकुराची भाषा `mr` आहे हे ॲपने सांगितले तरच मराठी वळण उमटते. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी चौकोन दिसू शकतो. ‘तऱ्हा’, ‘दऱ्या’ यांतला ऱ्य-ऱ्हचा अर्धा र हीदेखील नेहमीची अडखळण्याची जागा.

इंग्रजीच्या आणखी काही सवयी मराठीत घातक ठरतात. बटणावरच्या अक्षरांत जास्तीचे अंतर सोडण्याची पद्धत आहे. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. मराठीसाठी हे अंतर शून्य ठेवावे. मोठ्या लिपीतली अक्षरे देवनागरीत नाहीतच, त्यामुळे इंग्रजीत ज्या मथळ्याचे महत्त्व केवळ त्यांनी दाखवले असेल, तो मराठीत साध्या मजकुरात हरवतो. तिथे वजन किंवा आकार वाढवावा.

आकाराइतकाच रंगातला फरक महत्त्वाचा. वेबच्या सुलभतेसाठीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ मागतात, मोठ्या अक्षरांसाठी ३. पांढऱ्यावर काळे म्हणजे २१, ही कमाल. एखादे वीजबिल भरण्याचे ॲप घेऊ. ‘अंतिम तारीख’ ही ओळ पांढऱ्यावर `#999999` या राखाडीत, १२ आकारात आहे. गुणोत्तर भरते २.८५. बिलातली सगळ्यांत निकडीची माहिती सगळ्यांत पुसट! राखाडी `#595959` केली की गुणोत्तर ७ होते; आकार १४ केला की ओळ उन्हातही वाचता येते. खाली ‘बिल भरा’ हे बटण भगव्या `#FF9933` रंगाचे, त्यावर पांढरी अक्षरे. ते झळाळते खरे, पण गुणोत्तर २.१ भरते. त्याच भगव्यावर काळी अक्षरे दिली तर जवळजवळ १० मिळते. पांढरी अक्षरेच हवी असतील, तर बटण `#B45309` इतके गडद करावे, म्हणजे ५ मिळते. सडपातळ वजनाचे अक्षर मात्र गुणोत्तर पुरेसे असूनही फिके दिसते, कारण हे गणित रंग मोजते, रेषेची जाडी नाही.

निवड पक्की करण्याआधी ‘मूर्तींची’, ‘ॲप’, ‘तऱ्हा’, ‘हृदय’, ‘वाङ्मय’, ‘राष्ट्रीय’, ‘लक्ष’ आणि ‘₹ १,९१९’ एवढे शब्द इंग्रजी मजकुराशेजारी ठेवून पाहावेत: स्वस्तातल्या फोनवर, उन्हात, आणि अक्षर सर्वांत मोठे करून. यातला एक शब्द जरी कापला गेला किंवा तुटला, तर आधी ओळीची उंची आणि अक्षरांतले अंतर तपासावे. ते ठीक असूनही दोष राहिला, तर फॉन्ट बदलावा.