दीड आकड्याच्या पोटात काय दडलंय?

निफ्टी फ्युचर्सच्या एका पद्धतीची पाच वर्षांच्या जुन्या भावांवर चाचणी घेतली, असं धरू. रिपोर्टमध्ये 100 सौदे आहेत, त्यातले 40 नफ्याचे आणि 60 तोट्याचे. नफ्याच्या सौद्यांची बेरीज 6 लाख, तोट्याची 4 लाख. म्हणजे निव्वळ 2 लाख हाती. वर चढत गेलेला आलेख पाहून कुणालाही ब्रोकरकडे खातं उघडावंसं वाटेल.

6 लाखांना 4 लाखांनी भागलं की प्रॉफिट फॅक्टर मिळतो, 1.5. गमावलेल्या प्रत्येक रुपयामागे दीड रुपया आला. पण तो कुठून आला, हे हा आकडा सांगत नाही.

त्यासाठी पेऑफ रेशो पाहायचा. नफ्याचा सौदा सरासरी 15,000 रुपयांचा, तोट्याचा सुमारे 6,667 चा, भागाकार 2.25. एवढा रेशो असेल तर शंभरात 31 सौदे जिंकले तरी तोटा होत नाही, इथे 40 जिंकलेत. सगळं आलबेल दिसतं. मात्र सरासरी फसवी असते, म्हणून सौद्यांची यादी उघडून सर्वांत मोठा नफा शोधावा. समजा तो 1,20,000 चा निघाला, आणि तारीख 4 जून 2024. लोकसभेच्या निकालाच्या त्या दिवशी निफ्टी जवळपास 6 टक्के कोसळला होता आणि पद्धत नेमकी विक्रीच्या बाजूला उभी होती. तो एक सौदा वगळला की प्रॉफिट फॅक्टर 1.2 वर येतो.

आता खर्च. अनेक रिपोर्ट ब्रोकरेज, एसटीटी आणि स्लिपेज, म्हणजे स्क्रीनवरचा भाव आणि प्रत्यक्ष मिळालेला भाव यांतला फरक, शून्य धरूनच बनलेले असतात. फ्युचर्सवरचा एसटीटी तर 1 ऑक्टोबर 2024 पासून 0.0125 वरून 0.02 टक्के झाला. दर सौद्याला 1,000 रुपये कापले तर 2 लाखांतले 1 लाख तिथेच जातात. निकालाच्या दिवसाचा सौदाही वगळला, तर पाच वर्षांची कमाई म्हणजे 19,000 रुपयांचा तोटा!

उरला रिकव्हरी फॅक्टर: निव्वळ नफा भागिले सर्वांत मोठी घसरण. ही घसरण 1,60,000 असेल तर कागदावर उत्तर 1.25, खर्च धरल्यावर जेमतेम 0.6. म्हणजे एका वाईट काळात जेवढं गेलं, तेवढंही पाच वर्षांत साठलं नाही. हा आकडा वाचताना दोन गोष्टी तपासाव्यात. चाचणीचा काळ लांबवला की नफा साठत जातो आणि फॅक्टर आपोआप फुगतो. त्यामुळे दोन वर्षांच्या रिपोर्टची दहा वर्षांच्या रिपोर्टशी तुलना करू नये. शिवाय घसरण फक्त बंद झालेल्या सौद्यांवर मोजली असेल, तर चालू सौद्यात मधेच झालेला मोठा तोटा रिपोर्टमध्ये दिसतच नाही. मार्जिन कमी पडल्याचा ब्रोकरचा फोन मात्र त्याच वेळी येतो.