वीज गेली तरी मुदत पाळावी कशी?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहून मी पुस्तकांची पानं जुळवायचं काम करतो. लेखकाकडून मजकूर येतो, चित्रं येतात. ती नीट मांडून छापखान्याला देण्याजोगी फाइल तयार करायची, हा माझा धंदा. गिऱ्हाइकं पुण्या-मुंबईची आहेत, एक लंडनचं आहे. नोकरी म्हणाल तर नाही. त्यामुळे "आज कचेरीत वीज नव्हती" ही सबब सांगायची, तर ती कचेरीच मला नाही.

एका पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. लंडनच्या पुस्तकाची मुदत तिथल्या संध्याकाळी पाचची होती. उन्हाळ्यात ते लोक घड्याळ एक तास पुढे करतात, म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे साडेनऊ. पावणेआठाला वीज गेली. घरात इन्व्हर्टर होता, मी निर्धास्त होतो. दिवा लागला, पंखा फिरला. सव्वाआठाच्या सुमारास इंटरनेट बंद पडलं. हरकत नाही म्हटलं, मोबाइल आहे. पण मोबाइलची बॅटरी संपत आलेली. आणि त्या दिवशीचा जो डेटा होता, तो लॅपटॉपने मला न विचारता स्वतःच्या दुरुस्त्या उतरवण्यात खाऊन टाकलेला. फाइल गेली दुसऱ्या दिवशी सकाळी. गिऱ्हाईक रागावलं नाही. पुढचं पुस्तक तेवढं आलं नाही.

आता हे पाहा. माझ्याकडे सगळं होतं. इन्व्हर्टर, फायबरची जोडणी, मोबाइल, सगळं. मग चुकलं कुठे? पुढे आठ दिवस मी त्याचाच शोध घेत होतो, आणि एक गोष्ट ध्यानात आली. राखीव म्हणून मी जे जे ठेवलं होतं, ते त्याच विजेवर आणि त्याच रस्त्यावर उभं होतं, ज्यावर मुख्य व्यवस्था उभी होती. एक पाय निसटला की दोन्ही कोसळणार.

आधी विजेचं घेऊ. फायबरच्या इंटरनेटला घरात वीज लागते ती फक्त त्या वायफायच्या डब्याला. त्याच्या अॅडॉप्टरवर 12 व्होल्ट, 1 अॅम्पिअर असं काही लिहिलेलं असतं; म्हणजे फार तर 12 वॅट, आणि प्रत्यक्षात आठ-नऊच. एका लहान दिव्याइतका हा खर्च. एवढ्यासाठी इन्व्हर्टरवर विसंबायचं कारण नाही. डब्यासाठी वेगळा छोटा यूपीएस मिळतो, वहीएवढा. तो अॅडॉप्टर आणि डबा यांच्यामध्ये जोडायचा. घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, व्होल्ट जुळले पाहिजेत. काही डबे 9 व्होल्टचे असतात, त्यांना 12 दिले तर ते जळतात. दुसरी, वेष्टनावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नये. 8800 मिलिअॅम्पिअर-तास असं छापलेलं असतं, पण तो आकडा आतल्या 3.7 व्होल्टच्या घटांचा. 8.8 गुणिले 3.7 म्हणजे साडेबत्तीस वॅट-तास. थोडी घट धरली तर पंचवीस-सव्वीस उरतात. नऊ वॅटचा डबा त्यावर पावणेतीन तास चालेल. दुकानदार दिवसभर म्हणतो, ते सोडून द्यावं.

तुम्ही म्हणाल, इन्व्हर्टर आहेच ना? आहे, पण त्याची एक खोड आहे. वीज जाते तेव्हा इन्व्हर्टर हातात काम घेईपर्यंत क्षणाचा खंड पडतो. पंख्याला तो जाणवत नाही; वायफायचा डबा मात्र विझून पुन्हा सुरू होतो, आणि त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. मोठी फाइल अर्ध्यावर असेल तर ती कधी कधी पहिल्यापासून पाठवावी लागते. पुष्कळ इन्व्हर्टरांवर एक बटण असतं, एकीकडे 'यूपीएस' आणि दुसरीकडे 'इन्व्हर्टर' किंवा 'नॉर्मल'. यूपीएसकडे केलं की हा खंड फारच लहान होतो. मग सगळ्यांनी तसंच ठेवावं का? नाही. त्या स्थितीत इन्व्हर्टर विजेच्या दाबाबद्दल फार चोखंदळ होतो. दाब साधारण 180 व्होल्टच्या खाली गेला की तो वीज गेली असंच समजतो आणि बॅटरीवर चालू लागतो. आपल्याकडे संध्याकाळी शेतीपंप सुरू झाले की दाब उतरतो, हे तुम्हांला माहीत आहेच. वीज असूनही बॅटरी रोज संध्याकाळी रिकामी होत राहते, आणि खरी वेळ येते तेव्हा इन्व्हर्टर ओरडू लागतो. दिवे पिवळे दिसत असताना इन्व्हर्टर बॅटरीवर चालल्याचं दाखवत असेल, तर हाच प्रकार समजावा. अशा गावी बटण 'नॉर्मल'वर ठेवावं आणि डब्याला वर सांगितलेला छोटा यूपीएस द्यावा.

बॅटरीचा हिशेबही मनाशी असू द्या. 12 व्होल्टची, 150 अॅम्पिअर-तासांची बॅटरी कागदावर 1800 वॅट-तास देते. दोन-तृतीयांश हाती आले असं धरा, म्हणजे 1200. लॅपटॉप 50, पंखा 70, दिवा नि डबा मिळून 20. एकूण 140 वॅट. साडेआठ तास झाले. पण ही नव्या बॅटरीची गोष्ट. तीन-चार वर्षांच्या बॅटरीकडून याच्या निम्मंदेखील मिळेलच असं नाही. शिवाय रिकामी बॅटरी भरायला दहा-बारा तास लागतात. एका दिवसात तीनदा वीज गेली, तर तिसऱ्या वेळी अर्ध्या बॅटरीवरच भागवावं लागतं. पंखा बंद केला की काम दुपटीने चालतं, हे मी घाम गाळून शिकलो आहे.

आता इंटरनेट. माझा डबा चालू होता, तरी सव्वाआठाला इंटरनेट का गेलं? डब्यावर काही दिवे असतात. त्यांतल्या एकाखाली एल.ओ.एस. अशी इंग्रजी अक्षरं असतात. तो तांबडा झाला, म्हणजे तारेतून येणारा प्रकाशच बंद झाला आहे. एक तर जेसीबीने रस्त्याकडेची तार तोडली, नाहीतर पलीकडच्या टोकाला वीज नाही. तांबडा दिवा नसेल आणि तरी इंटरनेट येत नसेल, तर बिघाड आणखी पुढे आहे. माझ्या बाबतीत तो तांबडा होता. नाक्यावर केबलवाल्याची पेटी आहे. तिच्यातली बॅटरी अर्धा तास टिकते, हे मला त्याला विचारल्यावरच कळलं. विचारायला हवं होतं आधी. तुम्ही जोडणी घ्याल तेव्हा हा एक प्रश्न जरूर करा: "वीज गेल्यावर तुमच्याकडचं सामान किती वेळ चालतं?"

म्हणून दुसरी वाट मोबाइलची ठेवावी, आणि ती दुसऱ्या कंपनीची असावी. मात्र कंपनी वेगळी म्हणजे मनोरा वेगळा, असं समजू नका. एकाच मनोऱ्यावर दोन-तीन कंपन्यांची यंत्रं बसवलेली असतात; मनोऱ्याची बॅटरी नि डिझेल संपलं की सगळ्याच मुक्या होतात. कळणार कसं? सोपं आहे. लांबलेल्या अंधारात दोन शेजाऱ्यांच्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या मोबाइलवर नजर ठेवा. दोन्ही एकाच वेळी मेले, तर त्या दोघी एका मनोऱ्यावर आहेत. मी चार महिने वहीत टिपून ठेवलं, आणि मग जे कार्ड घेतलं ते नदीपलीकडच्या टेकडीवरच्या मनोऱ्याचं. घरात त्याची ओढ कमी आहे; माडीच्या खिडकीत मात्र काम भागतं.

मोबाइल लॅपटॉपला तारेने जोडावा. हवेतून जोडलं तर मोबाइलची बॅटरी झपाट्याने उतरते. तारेने जोडलं तर ती लॅपटॉपमधून भरतही राहते. आणि लॅपटॉपवर विंडोज असेल तर त्या जोडणीच्या सेटिंगमध्ये 'Metered connection' सुरू करून ठेवा. मग तो मोठ्या दुरुस्त्या त्या वाटेने सहसा उतरवत नाही. राखीव कार्डात रक्कम भरायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. न भरलेलं कार्ड नेमकं अडचणीच्या दिवशीच आठवतं.

फाइलींचं थोडं निराळं आहे. पुष्कळांना वाटतं, गूगल ड्राइव्हवर सगळं आपोआप चढतं, तेव्हा प्रत सुरक्षित आहे. अहो, ती प्रत म्हणजे आरसा आहे. इथे तुम्ही चुकून एखादं प्रकरण पुसलंत, तर तिथलंही पुसलं जातं. पुसलेली फाइल तिथल्या कचरापेटीत 30 दिवस राहते, पुढे नाही. म्हणून मी तिसरी प्रत वेगळ्या डिस्कवर रोज रात्री करतो, तारखेचं नाव देऊन, आणि डिस्क काढून कपाटात ठेवतो. जोडून ठेवलेली डिस्क लॅपटॉपबरोबरच विजेच्या लोळात किंवा विषाणूत सापडते. त्या घडीत फाइलीबरोबर तिचे फॉन्टही ठेवतो. एकदा उसन्या लॅपटॉपवर पुस्तक उघडलं, तर फॉन्टच नसल्यामुळे सगळी जोडाक्षरं विस्कटली होती. ज्या शिक्षकांना प्रश्नपत्रिका घरी तयार कराव्या लागतात, त्यांनाही हा अनुभव आला असेल.

राहिला प्रश्न फाइलीच्या वजनाचा. माझं पुस्तक 180 मेगाबाइटचं होतं. मोबाइलवरून पाठवण्याचा वेग पावसात सेकंदाला दोन मेगाबिटांवर येतो. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे सेकंदाला पाव मेगाबाइट. 180 ला 720 सेकंद, बारा मिनिटं. ही झाली विनाखंड बारा मिनिटं. त्याच पुस्तकाची चित्रं हलकी करून 9 मेगाबाइटची प्रत केली, तर ती 36 सेकंदांत जाते. छापायला ती चालणार नाही, पण गिऱ्हाइकाला काम पुरं झालेलं दिसतं, तपासणी सुरू करता येते. आता मी ही हलकी प्रत मुदतीच्या आदल्या दुपारीच पाठवतो.

या सगळ्याला मर्यादा आहेच. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा दापोली-मंडणगडकडच्या कितीतरी गावांत पुढे बरेच दिवस वीज नव्हती, मोबाइल नव्हता. तिथे इन्व्हर्टर काय करणार? अशा वेळी डिस्क पिशवीत घालून रस्ता मोकळा असेल त्या शहरी जायचं. ते कुठे, कोणाकडे, हे मी आधीच ठरवून ठेवलं आहे.

आणि एक करतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी घराचा मेन स्विच तासभर बंद ठेवतो, डिस्कवरून एक फाइल उघडतो आणि मोबाइलच्या वाटेने ती स्वतःलाच पाठवतो. घरची मंडळी कुरकुरतात. पण अशाच एका रविवारी कळलं, की माझी मोबाइलची तार बॅटरी तेवढी भरते, डेटा पलीकडे नेतच नाही. तशाही तारा विकतात. ती तार आता पाहुण्यांसाठी ठेवली आहे. चांगल्या तारेला तांबडा दोरा बांधून ती माडीच्या खिडकीजवळच्या खिळ्याला टांगली आहे.